अंगठा म्हणजे ‘हो’ का?

१९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एक कोडं फिरत होतं. लिफ्टची दोरी तुटून ती सुसाट खाली कोसळायला लागली आणि आत एक जळती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब असला, तर त्या दोघांचं काय होईल? विभागाच्या सामायिक संगणकी फलकावर मंडळी उत्तरं लिहीत होती. तेवढ्यात एकाने तिथे सूचना लावली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे अगदी डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आगीची थोडी झळही लागली आहे, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत साफसफाई होईल. ज्यांनी आधीचं कोडं वाचलं होतं ते हसले. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांच्यातल्या काहींनी ती सूचना खरी मानली.

त्यांचं काय चुकलं होतं? सूचनेत जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. विनोद शब्दांत नव्हताच. तो आधीच्या गप्पांमध्ये होता आणि त्या गप्पांना ते हजर नव्हते. मग विनोदाला खूण काय करावी यावर चर्चा सुरू झाली. कुणी तारा सुचवला, कुणी टक्क्याचं चिन्ह. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी :-) ही खूण सुचवली. डोकं डाव्या खांद्याकडे कलवलं की त्यात हसरा चेहरा दिसतो. सोबत त्यांनी :-( ही खूणही दिली, आणि तिचा त्यांनी सांगितलेला अर्थ ऐकून आज गंमत वाटते: ‘हे विनोदाने लिहिलेलं नाही’. दुःख किंवा नाराजी हा अर्थ तिला लोकांनी पुढे वापरता वापरता चिकटवला, आणि तोही फार लवकर.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आजच्या इमोजींच्या या पूर्वजाचा जन्मच शब्दशः वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी झाला. एक खूण, तिचा एक अर्थ आणि तो अर्थ सगळ्यांना उघड सांगितलेला. पुढे खुणा वाढत गेल्या, अर्थ मात्र उघडपणे सांगायचे राहून गेले. ते ‘कळले पाहिजेत’ असं आपण गृहीत धरलं. ऑटिझम असलेली अनेक माणसं, एडीएचडी असलेली काही माणसं, आणि कसलंही निदान नसलेली पण शब्दाला शब्द म्हणून धरणारी माणसं याच गृहीतापाशी अडखळतात.

ती नेमकी कुठे अडखळतात हे कळायला 😪 हा चेहरा बघा. मिटलेले डोळे, नाकाशी एक निळा थेंब. फोनच्या पडद्यावर तो थेंब अश्रूसारखा दिसतो, म्हणून बरेच जण हा चेहरा ‘वाईट वाटलं’ म्हणून पाठवतात. युनिकोड या जागतिक लिपी-मानकात त्याचं नाव ‘झोपाळू चेहरा’ असं आहे. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकातून फुगा येताना दाखवायची रीत आहे. त्या रीतीतून हा थेंब आला. इमोजी आधी जपानी मोबाइल कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांसाठी काढले होते. २०१० मध्ये ते युनिकोडमध्ये आले आणि मग जगभरच्या फोनवर पोचले. थेंब पोचला, रीत तिथेच राहिली. नाकातून वाफा सोडणारा 😤 तसाच. आपल्याला तो भडकलेला दिसतो, पण युनिकोडने त्याला दिलेलं मूळ नाव ‘विजयी मुद्रेचा चेहरा’ आहे.

म्हणजे एका चेहऱ्याचे तीन अर्थ असू शकतात: चित्रात दिसतो तो, नावात नोंदलेला तो, आणि तुमच्या गटात सध्या चालतो तो. पहिला दिसतो, दुसरा शोधून सापडतो. तिसरा कुठेच लिहिलेला नसतो आणि तो बदलत राहतो. घळाघळा रडणारा 😭 कॉलेजच्या मुलांत ‘हसून हसून पुरेवाट झाली’ म्हणून चालतो, कवटीही 💀 तशीच. त्यांच्याच घरातल्या काकू बारशाच्या फोटोखाली तो 😭 पाहून ‘काय झालं गं?’ म्हणून फोन करतात. शब्दशः वाचणारा माणूस पहिल्या दोन अर्थांवर भिस्त ठेवतो, कारण तेवढेच पडताळून पाहता येतात. हे मला कमीपणाचं वाटत नाही. आजीच्या जुन्या पत्रातलं एखादं अनोळखी अक्षर आपणही आधी तसंच वाचतो.

आणि हात जोडलेले 🙏? मराठी व्हॉट्सॲप गटांवर याच्याइतकं राबणारं चित्र दुसरं नसेल. नमस्कार, आभार, विनंती, क्षमा, देवाचं दर्शन, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि सोसायटीच्या गटात पार्किंगवरून जुंपली की ‘आता पुरे करा, कोपरापासून हात जोडतो’. यातले काही अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत. वाक्य सोबत असेल तर अर्थ निवडता येतो. नुसतं 🙏 आलं तर निवडायचा कशावरून?

आता इथे एक सोयीचा समज मोडायला हवा. आपल्याला, म्हणजे स्वतःला ‘नॉर्मल’ म्हणवणाऱ्यांना, इमोजी बरोबर कळतात आणि ऑटिस्टिक लोकांना कळत नाहीत, हा तो समज. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्वसामान्य लोकांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्रातली भावना किती चांगली किंवा वाईट वाटते याला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण द्यायला सांगितलं. दोघांपुढे अगदी तेच चित्र असतानाही, सुमारे चार वेळांपैकी एकदा त्यांचं एवढ्यावरही एकमत होत नव्हतं की हा चेहरा चांगलं सांगतोय, वाईट, की धड काहीच नाही. त्यात पुन्हा प्रत्येक कंपनी तोच चेहरा आपापल्या पद्धतीने काढते. 😁 हा दात दाखवून हसणारा चेहरा त्या वेळच्या ॲपलच्या फोनवर दात आवळल्यासारखा दिसायचा, इतर फोनवर मात्र खुशीत हसणारा. पाठवणारा आपल्या पडद्यावर आनंद बघून बटण दाबतो, घेणाऱ्याच्या पडद्यावर दातओठ उमटतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. ॲपलने ते चित्र पुढे बदललं. प्रश्न मात्र त्या एका चित्रापुरता कधीच नव्हता.

मग फरक कुठे पडतो? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑटिझमचं निदान असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांना इमोजींचं वर्गीकरण करायला दिलं होतं. भीती, दुःख आणि आश्चर्य दाखवणाऱ्या चेहऱ्यांना ऑटिस्टिक गटाने दिलेली उत्तरं जास्त विखुरलेली होती. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. ज्यात कसलीच भावना नाही अशी सरळ वाक्यं घेऊन त्यांच्या शेवटी हसरा किंवा दुःखी चेहरा लावला होता. हसऱ्या चेहऱ्याने दोन्ही गटांना वाक्य सारखंच सुखद वाटलं. दुःखी चेहरा लावलेलं वाक्य मात्र ऑटिस्टिक वाचकांना इतरांपेक्षा जास्त वाईट वाटलं. इमोजी त्यांच्यापर्यंत पोचला नाही असं मुळीच नव्हतं. उलट तो पुऱ्या वजनानिशी पोचला. ‘मीटिंग पाचला आहे 😢’ असं आपण सहज लिहितो, मनात फक्त ‘कंटाळा आलाय’ एवढंच असतं. समोरचा त्यात खरं दुःख वाचतो आणि काय बिघडलं असेल या विचारात दुपार घालवतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की, ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यातला गैरसमज हा दोन्ही बाजूंचा असतो. एकाला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही तसं दुसऱ्यालाही पहिल्याचं येत नाही. आपण मात्र तो नेहमी एकाच्याच खात्यावर मांडतो. इमोजींना हे तंतोतंत लागू पडतं. ‘त्याला कळलं नाही’ असं म्हणताना ‘मी लिहिलं नाही’ हा अर्धा भाग आपण गाळतो.

अंगठ्याचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतात २०२१ च्या मार्चमध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार पाठवला. करारावर आपली सही करून त्याने फोटो काढला आणि सोबत, करार कन्फर्म करा, अशा अर्थाचा मजकूर लिहिला. शेतकऱ्याने उत्तरादाखल पाठवलं 👍. माल नोव्हेंबरात द्यायचा होता. तोवर जवसाचा भाव दुपटीहून जास्त चढला आणि माल काही आला नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं असं की, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. तो मान्य आहे असं मी कुठे म्हटलं? २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अंगठ्याचा शब्दकोशातला अर्थ पाहिला, पण निकालाचा खरा आधार वेगळा होता. याच दोघांमधले आधीचे करार शेतकऱ्याने फोनवरूनच ‘ओके’, ‘यप’ अशा एकदोन शब्दांत मान्य केले होते आणि माल पोचवलाही होता. त्या रिवाजात अंगठाही संमतीच ठरला. शेतकऱ्याला ८२ हजार कॅनडियन डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात अपिलातही तो टिकला.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे अंगठा अगदी वेगळ्या रूपात आला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येबद्दलचा संदेश रेल्वे संरक्षण दलाच्या व्हॉट्सॲप गटावर पडला होता, आणि एका जवानाने त्यावर 👍 टाकला. हत्येचा आनंद झाला असा त्याचा अर्थ लावून त्याला नोकरीवरून काढलं गेलं. २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, अंगठा हा ‘ओके’ ला पर्याय मानता येईल, संदेश पाहिला असं कळवण्यासाठी. त्याला हत्येचं स्वागत म्हणता येणार नाही.

तर सस्काचेवानमध्ये अंगठा म्हणजे ‘मान्य’, मदुराईत अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. दोन्ही निकाल आपापल्या जागी मला योग्य वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी चित्राच्या भोवतालची परिस्थिती तपासली गेली. पण साक्षीपुरावे, वकील आणि काही वर्षं लागून जे ठरलं, ते ऑफिसच्या गटावर एखाद्याने दोन सेकंदांत ओळखावं अशी आपली अपेक्षा असते. नाही ओळखलं तर त्याला बावळट ठरवून मोकळे होतो.

आता लिहिण्याकडे येऊ. काल्पनिक पण घरचं उदाहरण घेतो. दिवाळी अंकाचं काम चालू आहे, मुखपृष्ठ तयार आहे. संपादकबाई रात्री साडेनऊला तरुण मांडणीकाराला लिहितात:

‘कव्हरचं जरा बघून घे ना, उद्या प्रेसला द्यायचंय 😅🙏’

मांडणीकार फाइल उघडतो, बघतो आणि उत्तर देतो, ‘बघितलं.’ त्याने सांगितलेलं काम केलं आहे. दुसऱ्या दिवशी बारा वाजता बाई भडकतात, कारण कव्हरवर गेल्या वर्षीची किंमत तशीच आहे. त्यांच्या मते ‘बघून घे’ मध्ये ‘दुरुस्त कर’ आलंच, आणि घामाचा थेंब असलेला चेहरा ‘घोळ झालाय’ हे सांगतच होता. त्याच्या बाजूने वाचू. ‘जरा’ म्हणजे किती? ‘बघून’ म्हणजे काय शोधायचं? ‘उद्या’ म्हणजे सकाळी की संध्याकाळी? 😅 म्हणजे बाईंना अवघडल्यासारखं झालंय, की त्या हसतायत, की माझ्यावर नाराज आहेत? 🙏 ही विनंती आहे, की काम झालं असं धरून आधीच मानलेले आभार? एका ओळीत पाच प्रश्न, आणि ते विचारावेत तर ‘एवढंही कळत नाही?’ ची धास्ती.

हा संदेश नीट करताना पहिलं काम इमोजी काढून टाकण्याचं. कायमचे नाही, फक्त तपासणीपुरते. ते काढल्यावर वाक्यातून काय गळतं हे पाहायचं. इथे घोळ झाल्याची खबर गळते, क्षमा गळते, विनंतीचा सूर गळतो. जे जे गळलं ते शब्दांत भरायचं. मग वाचणाऱ्याने करायची कृती एका नेमक्या क्रियापदात बांधायची. ‘बघ’ हे डोळ्यांचं काम झालं. ‘बदल’, ‘पाठव’, ‘कळव’ ही हातांची कामं. शेवटी वेळ घड्याळाची द्यायची. असं करत गेलं की संदेश होतो:

‘कव्हरवर किंमत ३०० रुपये छापली आहे. ती ३५० कर आणि नवी पीडीएफ उद्या सकाळी ११ पर्यंत मला मेलवर पाठव. १२ ला ती प्रेसला जाते. चूक तुझी नाही, मजकूर मीच जुना दिला होता. उशिरा सांगतेय, त्याबद्दल सॉरी 🙏’

संदेश लांबला हे खरं. पण ‘चूक तुझी नाही’ हे तीन शब्द पहिल्या संदेशात कुठेच नव्हते, आणि मुलाची रात्र त्यांच्यावाचूनच खराब व्हायची होती. आता शेवटचा 🙏 कुणालाही नडत नाही. तो ‘सॉरी’ ला दुजोरा देतो, स्वतः काही नवीन सांगत नाही. चित्राने शब्दाची सोबत करावी, त्याच्या जागी बसू नये, एवढं पथ्य पाळलं तर बहुतेक अडचणी सुटतात. चित्र वाक्याच्या शेवटी ठेवायचं, मधे नाही; मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप वापरणाऱ्याला मधल्या प्रत्येक चित्राचं नाव ऐकावं लागतं आणि वाक्याचा धागा तुटतो. ‘😊 ने सुरुवात करा आणि 📞 करा’ अशी चित्रकोडी तर आमंत्रणपत्रिकेलाही नकोत.

हे काही मी एकटा म्हणत नाही. ब्रिटनच्या गृह खात्याने २०१६ मध्ये सरकारी सेवांसाठी जी भित्तिपत्रकं काढली, त्यांत ऑटिस्टिक वापरकर्त्यांसाठी साधी भाषा लिहा, वाक्प्रचार टाळा, बटणावर ते काय करतं ते लिहा, असं सांगितलं आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही शब्दशः अर्थाची भाषा वापरण्याचा सल्ला आहे. पण ही पत्रकं फॉर्म आणि संकेतस्थळं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. आपली खरी कसोटी लागते टोमण्यात.

‘वा, अगदी वेळेवर आलात 🙃’. उलटा चेहरा पाहून सराईत माणूस ओळखतो की वाक्यही उलटं वाचायचं. शब्दशः वाचणारा म्हणतो, ‘थँक्यू’. मग दोघेही दुखावतात. टोमणा ही काही मराठी माणसाची, त्यातून पुण्याची, सहजासहजी सुटणारी सवय नव्हे. पण लेखी टोमणा मारायचाच असेल तर ज्याला तो चित्राशिवाय कळतो त्यालाच मारावा. बाकीच्यांना ‘तुम्ही अर्धा तास उशिरा आलात, आम्ही खोळंबलो’ हे सरळ लिहावं. ते जास्त टोचेल असं वाटतं. माझ्या मते उलट आहे. त्याला निदान उत्तर देता येतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्या न्यूरोडायव्हर्जंट तरुणांनी यावर आपला तोडगा काढलाय. वाक्याच्या शेवटी ते सूर लिहूनच टाकतात: /j म्हणजे गंमत, /srs म्हणजे गंभीरपणे, /lh म्हणजे हलकंफुलकं, /nm म्हणजे रागावलो नाहीये. बाहेरच्याला हे परवलीचे शब्द वाटतात आणि यांची यादी पाठ नसणाऱ्याला पुन्हा तीच अडचण. मराठीत त्यांची गरजही नाही. ‘गंमत करतेय’, ‘रागावलेलो नाही’, ‘हे खरंच विचारतोय’ असं कंसात लिहिलं की काम झालं.

अंगठ्याबाबत तर गटाने एकदाच ठरवून वर पिन करून ठेवावं. उदाहरणार्थ: ‘👍 म्हणजे वाचलं. काम घेतलं असेल तर “घेतलं” आणि कधी देणार ते लिहा. अडचण असेल तर “अडचण” लिहा.’ इतका रूक्ष नियम मित्रांच्या गप्पांत हास्यास्पद दिसेल, तिथे तो नकोच. शाळेच्या पालकगटात, दवाखान्याच्या ड्यूटी-गटात, अंकाच्या कामात मात्र तो हवा. आणि तो निदान असलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून लावायचा नाही, सगळ्यांना सारखा.

यात एक धोकाही आहे. हे वाचून एखादा उत्साही अधिकारी ‘ऑटिस्टिक सहकाऱ्यांसाठी इमोजी बंद’ असं फर्मान काढेल. तसं अजिबात करू नये. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना इमोजी आवडतात. आवाजातला चढउतार पकडण्यापेक्षा पडद्यावर थांबलेलं चित्र निवांत बघणं काहींना सोपं जातं, आणि आपल्या कोरड्या वाक्याला कुणी उद्धट समजू नये म्हणून काही जण मुद्दाम हसरा चेहरा जोडतात. शिवाय शब्दशः अर्थ घेणं हे सगळ्या ऑटिस्टिक माणसांचं लक्षणही नव्हे. अमेरिकी संशोधक मॉर्टन ॲन गर्नस्बाखर आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने २०१२ मध्ये आधीचे प्रयोग तपासून दाखवलं की, रूपकं कळण्या-न कळण्याचा संबंध निदानापेक्षा माणसाच्या एकूण भाषिक तयारीशी जास्त आहे. तेव्हा निदानावरून अंदाज बांधण्याऐवजी त्या माणसालाच विचारावं की, तुला कसं लिहिलेलं बरं पडतं?

आणि त्याने उलट विचारलं, ‘या 👍 चा अर्थ काय घेऊ?’, तर त्यावर आणखी एक हसरा चेहरा पाठवून भागत नाही. ‘अरे, एवढं काय!’ नेही नाही. पुढच्या वेळी तो विचारणार नाही, अंदाज करेल, आणि चुकीचा अंदाज पुन्हा बारा वाजता प्रेसच्या दारात कळेल. त्याला हवं असलेलं उत्तर पाच शब्दांचं आहे: ‘वाचलं आणि मान्य आहे. कर.’